दोनशे पंचावन्न रुपयांचा अर्ज

गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचे स्थानक एकच, आमचे वडसा. गावाचे सरकारी नाव देसाईगंज, पण गाडी थांबते ती वडशालाच. गोंदियाहून येते, नागभीड, मूल, चांदा फोर्ट करत बल्लारशाकडे निघून जाते. दर चार मिनिटांनी येणारी लोकल इथे बहुतेकांनी सिनेमातच पाहिलेली. तरी मुंबईच्या लोकलमध्ये भरलेल्या दंडाच्या पावत्या माझ्या टेबलावर येतात. इकडच्या माणसाला मुंबई चुकत नाही. कुणाला मोठ्या दवाखान्याची तारीख असते, कुणाची भरतीची परीक्षा असते, कुणी धान कापून झाल्यावर बांधकामावर जातो. तिथल्या पुलावर, जिन्याशी, हजार माणसांच्या लोंढ्यात तिकीट तपासनीस नेमका यांनाच हेरतो. डोक्यावर बोचके आणि डोळ्यांत गोंधळ असला की माणूस लांबूनही ओळखू येतो.

मी सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पीकविमा, धानविक्रीची नोंदणी, हे रोजचे काम. अर्ज लिहिणे हे त्याच्या कडेचे. माझे हस्ताक्षर चांगले आणि बोलणे थोडके, म्हणून लोक येतात. रेल्वेचा दंड परत मागायचा अर्ज मात्र मी सगळ्यांना लिहून देत नाही. आलेल्या माणसांपैकी बऱ्याच जणांना मी परत पाठवते, आणि ते का हे आधी सांगायला हवे.

रेल्वे अधिनियम, १९८९ चे कलम १३८ असे आहे की मागितल्याबरोबर तिकीट दाखवले नाही, तर झालेल्या प्रवासाचे भाडे आणि वर अधिभार द्यावा लागतो. अधिभार म्हणजे त्या भाड्याइतकीच रक्कम किंवा २५० रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते. पूर्वी हा आकडा ५० होता. लोकलचे भाडे पाच-दहा रुपयांचे, त्यामुळे तिथे व्यवहारात प्रत्येकाला २५० च लागतात. सारी गोम ‘मागितल्याबरोबर’ या अटीत आहे. मोबाइलवर काढलेले तिकीट खरे होते, पैसे गेलेले होते, पण बॅटरी संपली, तर त्या क्षणी दाखवायला तिकीट नाही. चंद्रपूरचा एक विद्यार्थी बँकेचा संदेश घेऊन आला होता, पैसे कापल्याची वेळ तपासणीच्या आधीची. त्याचे म्हणणे खरे होते. अर्ज मात्र टिकणारा नव्हता. दुसऱ्याने ॲपवर तिकीट काढताना छापील तिकिटाचा पर्याय निवडला आणि छापून न घेताच गाडीत बसला. तेही तसेच. दंड जड वाटणे वेगळे आणि दंड चुकीचा असणे वेगळे. जड वाटणाऱ्या दंडासाठी अर्ज करायला लावून मी कुणाचे टपालाचे पैसे घालवत नाही.

आणखी एक गोष्ट मी आधी पाहते. पैसे तपासनीसाने घेतले की न्यायदंडाधिकाऱ्यांनी? तपासनीसाने पावती फाडली असेल तर तो अधिभार आहे, आणि तो परत करण्याचा अधिकार रेल्वेच्या वाणिज्य विभागाला आहे. पण माणसाने पैसे द्यायला नकार दिला, त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले आणि तिथे दंड भरला, तर तो न्यायालयाचा आदेश झाला. तिथे रेल्वेच्या कुठल्याही साहेबाला अर्ज करून काही होत नाही, अपिलाची वाट धरावी लागते. नागपूर मेट्रोची पावती असेल तर कायदाच बदलतो. तिला २००२ चा मेट्रो अधिनियम लागतो, आणि रेल्वेच्या कलमावर बेतलेला अर्ज तिथे कागद वाया घालवणे आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर कुरखेडा तालुक्यातला एक माणूस आला. अंगावर धुतलेला सदरा, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीतून त्याने एक गुळगुळीत पांढरी पावती काढली आणि म्हणाला, “ताई, हे पक्की करून द्या.” पक्की करणे म्हणजे आमच्याकडे लॅमिनेशन. रेशनकार्ड, आधार, सातबारा, काहीही महत्त्वाचे असले की लोक ते प्लॅस्टिकमध्ये कोंडून ठेवतात. मी त्याचा हात धरून थांबवला. तपासनीसाच्या हातातल्या यंत्रातून निघणारी पावती उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते. लॅमिनेशनच्या गरम रुळाखालून ती गेली की कागद काळाठिक्कर होतो, एक अक्षर राहत नाही. तसे न करता नुसती खिशात ठेवली तरी आमच्याकडच्या मे महिन्यात ती पुसट होते. चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा या कागदाला मानवत नाही. मी आधी तिच्या तीन झेरॉक्स काढल्या, मोबाइलवर फोटो घेतला, आणि मूळ पावती कागदाच्या पाकिटात घालून कपाटातल्या थंड कप्प्यात ठेवली. मग विचारले, झाले काय?

बायकोला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात तपासणीला न्यायचे होते. घरी सांभाळणारे कुणी नाही म्हणून मुलगा सोबत. वडशाहून गोंदिया, गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेस. मुंबईत भाच्याच्या खोलीवर मुक्काम. ११ फेब्रुवारी २०२५ ला सकाळी लोकलने रुग्णालयाकडे निघाले. दोन स्थानकांमधले अंतर सातेक किलोमीटर. भाच्याने खिडकीवर दोन माणसांचे दुसऱ्या वर्गाचे तिकीट काढून दिले. उतरल्यावर पुलावर तपासनीसाने अडवले. यांनी तिकीट दाखवले. तपासनीस मुलाकडे पाहून म्हणाला, “याचे कुठे आहे?”

“मी सांगतलो जी, पोरगा पाच वर्साचा नाही झाला. त्यायनं म्हटलं, कागद दाखवा. मी आधार देल्लो.”

आणि तिथे सगळे बिघडले. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला लोकलमध्ये अर्धे लागते. मुलाच्या निळ्या बाल आधारावर जन्मतारीख होती १ जानेवारी २०२०. त्या हिशेबाने मुलगा पाच वर्षे आणि एक महिन्याचा. तपासनीसाने पाच रुपये भाडे आणि २५० रुपये अधिभार असे २५५ रुपये घेतले. इतक्या लहान अंतराला अर्धे तिकीटही पाच रुपयांचेच असते, त्याखाली भाडेच नाही. पावतीवर कारण छापले होते: विनातिकीट.

“पण पोरगा झाला तो पावसाच्या तोंडावर जी. लॉकडाऊन होता. धानाचे परे टाकत होतो आमी.”

आमच्या भागात काम करणाऱ्या कुणालाही हे ऐकल्यावर पुढचे सांगावे लागत नाही. या दोन जिल्ह्यांत १ जानेवारीला जन्मलेली माणसे किती, हे कधी मोजून पाहा. गावेच्या गावे एका दिवशी जन्मलेली सापडतील. आधारच्या शिबिरात नोंद करणारा मुलगा विचारतो, जन्म कधीचा? आई सांगते, दोन हजार वीसचा. यंत्राला दिवस आणि महिना हवाच असतो, मुलगा १ आणि १ टाकून पुढे जातो. या मुलाचेही तसेच झाले होते. खुद्द आधार देणाऱ्या प्राधिकरणाचेही म्हणणे आहे की आधार ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. पण पुलावर घाईत उभ्या असलेल्या तपासनीसाला दोष देणे मला अवघड जाते. त्याने कागद मागितला, बापाने दिला, कागदावर तारीख होती. बाप खोटे बोलला नाही आणि तपासनीसानेही मनचे काही केले नाही, तरी पैसे चुकीचेच घेतले गेले.

माझ्याकडे येण्याआधी भाच्याने मुंबईहून रेल्वेच्या तक्रार ॲपवर तक्रार केलेली होती. ती मी वाचली. मोठी होती, पोटतिडकीची होती. मामीची तब्येत, तपासनीसाचा चढा आवाज, लोकांसमोर झालेला अपमान, गरीब आदिवासी माणसाला लुटणे, सगळे होते. शेवटच्या ओळीत पैसे परत मिळावेत असे होते. उत्तर काही दिवसांत आले: संबंधित कर्मचाऱ्यास समज देण्यात आली आहे. तक्रार बंद.

हे मी पुन्हा पुन्हा पाहते. तक्रारीत वागणुकीचा मजकूर जास्त असला की ती वागणुकीच्या खात्यात पडते. तिथल्या माणसाच्या हातात समज देणे एवढेच असते, ते तो देतो, आणि कागद मिटतो. पैशांचा निर्णय घेणारा अधिकारी ती तक्रार पाहतही नाही. म्हणून मी वागणूक आणि पैसे एका अर्जात कधी घालत नाही. अपमान झाला असेल तर त्याचा वेगळा अर्ज करा, तो माणसाचा हक्क आहे. परताव्याच्या अर्जात मात्र एकाच गोष्टीशी भांडायचे, ती म्हणजे पावतीवर छापलेले कारण. पावती म्हणते विनातिकीट. आपण दाखवायचे की या प्रवाशाला तिकीट लागतच नव्हते. बाकी सगळे गाळायचे.

दाखवायचे कशाने, हा पुढचा प्रश्न. मुलाचा जन्म सरकारी ग्रामीण रुग्णालयात झाला होता, म्हणजे जन्मनोंद असणारच. बापाने दाखला आणला. जन्मतारीख १४ जून २०२०. आईबापांची नावे बरोबर. बालकाचे नाव या रकान्यात काही नाही, कोरी जागा.

हेही इकडचे नेहमीचे. मूल जन्मते तेव्हा नाव ठरलेले नसते, नोंद नावाशिवाय होते आणि नंतर कुणी त्या वाटेला जात नाही. शाळेत घालायच्या वेळी धावपळ होते. बिननावाचा दाखला रेल्वेला पाठवला असता तर पहिलाच आक्षेप आला असता की हा याच मुलाचा कशावरून? त्यात दोन भावंडे असतील तर विचारायलाच नको. जन्म-मृत्यू नोंदणीच्या नियमांत नाव नंतर घालण्याची सोय आहे. पहिल्या वर्षात फुकट, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत किरकोळ विलंबशुल्क भरून. जिथे नोंद झाली तिथल्या निबंधकाकडे आईबापांनी अर्ज द्यायचा. बाप तालुक्याला गेला, साहेब बैठकीला होते, पुन्हा गेला, आणि नाव घातलेला नवा दाखला घेऊन आला. मी त्याला अंगणवाडीच्या नोंदवहीचा उतारा आणि माता-बाल संरक्षण कार्डही आणायला लावले. त्या कार्डावर लसीच्या तारखा असतात. जानेवारीत जन्मलेल्या मुलाला जन्माच्या वेळची लस जूनमध्ये देत नाहीत. मला विचाराल तर दाखल्यापेक्षाही ते मळके कार्ड बोलके होते.

भाच्याला मी फोन करून खिडकीवरचे मूळ तिकीट शोधायला सांगितले. नशिबाने ते त्याच्या मामाच्याच पाकिटात, रुग्णालयाच्या केसपेपरच्या घडीत निघाले. लोक तिकिटाची किंमत प्रवासापुरती धरतात आणि उतरल्यावर फेकून देतात. पण पावतीबरोबर तिकीट नसले तर प्रवास कुठून सुरू झाला हेही सिद्ध होत नाही. कायद्यात तर असे आहे की सुरुवातीच्या स्थानकाविषयी शंका असेल तर गाडी जिथून सुटली तिथपासूनचे भाडे लावता येते. इथे तिकिटावर दोन प्रौढ, बाल शून्य, वर्ग दुसरा, भाडे दहा रुपये आणि काढल्याची वेळ सगळे स्वच्छ होते. पावतीची वेळ त्यानंतर अर्ध्या तासाच्या आतली. एकेरी तिकिटावर प्रवास तासाभरात सुरू करायचा असतो, तेही जुळत होते. दंडाचे पैसे भाच्यानेच फोनवरून क्यूआर कोडवर पाठवले होते, म्हणून व्यवहाराचा बारा आकडी क्रमांकही मिळाला. रोख दिले असते तर पावती हाच एक आधार राहिला असता.

मग मी अर्ज लिहिला. तो इथे देते. क्रमांक आणि नावे तेवढी काढली आहेत.

प्रति, वरिष्ठ विभागीय वाणिज्य व्यवस्थापक.

विषय: पाच वर्षांखालील बालकासाठी विनातिकीट म्हणून आकारलेले रु. २५५ परत मिळण्याबाबत.

महोदय, दि. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी मी, माझी पत्नी व आमचा मुलगा अशा तिघांनी आपल्या उपनगरी गाडीने दुसऱ्या वर्गातून प्रवास केला. आम्हा दोन प्रौढांचे तिकीट होते. त्याचा क्रमांक, काढल्याची वेळ, कुठून कुठे व भाडे रु. १० हा तपशील सोबतच्या मूळ तिकिटावर आहे. उतरल्यानंतर तपासणीत मुलासाठी भाडे रु. ५ व अधिभार रु. २५० असे रु. २५५ आकारण्यात आले. पावती क्रमांक, वेळ व व्यवहार क्रमांक सोबत जोडला आहे. पावतीवर कारण ‘विनातिकीट’ असे आहे.

मुलाची जन्मतारीख १४ जून २०२० आहे. प्रवासाच्या दिवशी त्याचे वय ४ वर्षे ७ महिने होते. पाच वर्षांखालील बालकास तिकीट लागत नाही. त्यामुळे त्याच्या बाबतीत कलम १३८ लागू होत नाही.

तपासणीच्या वेळी मी दाखवलेल्या बाल आधारावर जन्मतारीख १ जानेवारी २०२० अशी आहे, हे मी स्वतःहून कळवतो. ती नोंद जन्मदाखल्याशिवाय, तोंडी माहितीवर झालेली आहे. त्या आधाराची प्रत सोबत आहे. आधार हा वयाचा पुरावा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात म्हटले आहे. जन्मनोंदीचा दाखला, अंगणवाडीचा उतारा व लसीकरण कार्ड यांच्या प्रती जोडल्या आहेत.

कर्मचाऱ्याविरुद्ध माझी तक्रार नाही. रक्कम सोबत दिलेल्या बँक खात्यात जमा करावी. अर्ज अमान्य असल्यास कोणत्या नियमानुसार, ते लेखी कळवावे.

आधाराची प्रत जोडायला बाप तयार नव्हता. “तेच कागद तर आपल्याले बुडवते ताई, ते कायले द्याचा?” त्याचे म्हणणे साधे होते आणि बहुतेक जण असेच म्हणतात. पण तपासनीसाने आपल्या जबाबात आधाराची तारीख लिहिणारच. ती आपण दडवली आणि त्यांनी काढली, तर दाखलाच संशयात येतो. आपणच आधी सांगितली तर वाद फक्त एवढाच उरतो की दोन कागदांपैकी कोणता मानायचा, आणि त्या वादात जन्मनोंदीचे पारडे जड असते. ‘कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार नाही’ हे वाक्यही त्याला खटकले. ते मी मुद्दाम घालते. ज्या कार्यालयाने पैसे परत द्यायचे, तेच कार्यालय त्या तपासनीसाचे. परतावा मान्य केला म्हणजे आपल्या माणसाला दोषी ठरवले असे होणार असेल, तर सही करणाऱ्याचा हात आखडतो. त्याला वाट मोकळी करून द्यावी.

शेवटच्या वाक्याचे कारण वेगळे. अर्ज फेटाळताना नियम लिहावा लागला तर पुढच्या पायरीला त्या नियमाशी भांडता येते. नुसते ‘नियमानुसार योग्य’ असे उत्तर आले तर त्याला पकडच नसते.

मूळ पावती पाठवायची की नाही, यावर मी दरवेळी घोटाळते. परताव्यासाठी रेल्वे मूळ कागद मागते, आणि मागणे रास्त आहे, नाहीतर एकाच पावतीवर दोनदा पैसे जातील. पण एकदा मूळ कागद गेला आणि फाइल हरवली की हातात काही उरत नाही. म्हणून मी मूळ पावती व तिकीट एका कोऱ्या कागदावर टाचून, त्याखाली दोन्हींचे क्रमांक हाताने लिहून पाठवते, आणि त्या पानाची झेरॉक्स पोचपावतीसोबत ठेवते. वडशाच्या टपाल कार्यालयातून रजिस्टर पोस्टाने पाकीट गेले. पोचपावती सही-शिक्क्यानिशी परत आली.

त्यानंतर बराच काळ शांतता. धानाची रोवणी झाली, बाप शेतात गुंतला. मी सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार संकेतस्थळावर नोंद केली. तिथे उत्तरासाठी २१ दिवसांची मुदत आहे. नोंदीत पुन्हा सगळी कथा लिहिली नाही. पोचपावतीची तारीख, पावती क्रमांक आणि ‘अर्जावर निर्णय कळवलेला नाही’ एवढेच. इथेही जुना नियम: नव्या तक्रारीत नवी गोष्ट सांगायची नाही, नाहीतर उत्तर नव्या गोष्टीला येते.

याच्या पुढेही पायऱ्या होत्या. भाड्याच्या परताव्याचे दावे ऐकायला रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे आणि त्याचे एक खंडपीठ नागपूरला आहे. ग्राहक आयोगाचीही वाट आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे मुंबईच्या पावतीसाठी गडचिरोलीला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. पण तिथे रेल्वे पहिला आक्षेप हाच घेते की भाड्याचा वाद न्यायाधिकरणापुढे न्या. मथुरेचे वकील तुंगनाथ चतुर्वेदी यांची हकिगत वर्तमानपत्रांत आली होती. १९९९ मध्ये तिकीट खिडकीवर त्यांच्याकडून २० रुपये जास्त घेतले गेले. ग्राहक मंचाचा निकाल लागला २०२२ मध्ये: २० रुपये वार्षिक १२ टक्के व्याजाने, वर १५ हजार रुपये. लोक ती बातमी विजयाची म्हणून सांगतात. मला त्यात बावीस वर्षे दिसतात, आणि तक्रारदार स्वतः वकील होता हेही दिसते. कुरखेड्याच्या माणसाला नागपूरची एक तारीख म्हणजे बुडालेली मजुरी आणि गाडीभाडे, दोन्ही मिळून २५५ च्या पुढे जातात. म्हणून माझा सगळा जोर पहिल्या अर्जावर असतो. तो असा लिहायचा की वाचणाऱ्याला काही विचारावे लागू नये.

तरी विचारणा आलीच. वाणिज्य कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. बोलणे नीट होते. खाते मुलाच्या बापाचे, पण पैसे भाच्याच्या फोनवरून गेलेले, तर परतावा कुणाला? मी भाच्याचे दोन ओळींचे संमतीपत्र आणि बापाचा रद्द केलेला धनादेश मेलने पाठवला. त्यांनी आणखी एक विचारले, ते मला आवडले: “त्या मुलाचे आधार दुरुस्त केले का?” तोवर केले होते. जन्मतारखेची दुरुस्ती आधारमध्ये एकदाच करता येते, त्यामुळे ती हातात पक्का दाखला असल्याशिवाय करू नये. मुलाला जूनमध्ये पाच वर्षे पूर्ण झाली, त्यानंतर बोटांचे ठसे पहिल्यांदा द्यावेच लागतात, त्याच खेपेला तारीखही बदलून घेतली.

पैसे आले. बापाने पासबुक छापून आणले आणि मी पाहिले तर जमा २५० रुपये. पाच रुपये भाड्याचे राहिले होते. पत्र काही आले नाही, संकेतस्थळावर ‘परतावा दिला, प्रकरण निकाली’ एवढीच ओळ. ही ओळ मला पटलेली नाही. मुलगा पाच वर्षांखालचा हे मान्य असेल तर अधिभार जसा चुकीचा तसे भाडेही चुकीचे, आणि मुलगा पाचच्या वरचा असेल तर अधिभार परत करायचे कारण नव्हते. अर्धे मान्य करण्याला कायद्यात जागा नाही. कुणीतरी ‘दंड माफ’ अशा समजुतीने हिशेब केला असावा. बाप म्हणाला, “राहू द्या जी, पाच रुपये.” त्याचे काम झाले होते, त्याचा शब्द खरा ठरला होता. पुढचा अर्ज त्याच्या मर्जीशिवाय मी करणार नव्हते, आणि केलाही नाही.

आता वाचणाऱ्यांपैकी जे आमच्या भागातले आहेत त्यांना एक सांगते. घरातल्या लहान मुलाचा जन्मदाखला आज काढून पाहा. नावाचा रकाना कोरा असेल, तर पंधरा वर्षांची मुदत संपायच्या आत निबंधकाकडे जाऊन नाव घालून घ्या, आणि आधारावर १ जानेवारी असेल तर त्या दाखल्यावरून दुरुस्त करा. मुलाला घेऊन मुंबई-नागपूरला निघालात तर आधाराऐवजी दाखल्याची प्रत सोबत ठेवा. आणि दंडाची पावती मिळालीच, तर ती लॅमिनेट करू नका.